ठळक अक्षरं शाकाहाऱ्यांसाठी छापलेली नसतात

"जर्मनीत व्हेज खाणाऱ्यांनी अख्खं लेबल वाचत बसू नये. मांस, मासे, अंडं काहीही असलं की कायद्याने ते ठळक छापावंच लागतं. ठळक नाही म्हणजे व्हेज. चीज तर दुधाचंच, बिनधास्त घ्या. 'श्पूरन' लिहिलेलं दिसलं तर मात्र ठेवून द्या, त्यात थोडं अंडं-बिंडं घातलेलं असतं. आणि पिवळा व्ही दिसला की प्रश्नच मिटला, तो आपल्या हिरव्या ठिपक्यासारखाच." (नव्याने जर्मनीत येणाऱ्यांना हमखास पुढे ढकलला जाणारा मेसेज)

ठळक अक्षरांचा कायदा आहे, पण तो ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. युरोपीय संघाचा हा नियम डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. त्यात १४ गोष्टी ठरवून दिल्या आहेत: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडे, अंडी, मासे, शेंगदाणे, सोया, दूध, काजू-बदाम-अक्रोड वगैरे, सेलरी, मोहरी, तीळ, सल्फाइट, ल्युपिन आणि शिंपले-माकूल. घटकांच्या यादीत यांतलं काही असेल तर ते उठून दिसलं पाहिजे. बहुतेक कंपन्या ठळक छापतात, काही मोठ्या अक्षरांत छापतात किंवा अधोरेखित करतात. यादी पुन्हा वाचा. मासे आहेत, अंडी आहेत. डुक्कर, गाय, कोंबडी कुठेच नाहीत.

फ्रिजच्या कपाटातला स्ट्रॉबेरीचा दह्याचा गोड पदार्थ घ्या. 'त्सूटाटन' म्हणजे घटक, या शब्दापुढे साधारण असं सापडू शकतं: दूध, साखर, स्ट्रॉबेरी, स्टार्च, गेलाटीने, रंग: एष्टेस कार्मीन. यात ठळक काय? फक्त दूध. गेलाटीने डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, आणि कोणत्या जनावराचं आहे ते लिहिलेलं असेलच असं नाही. कार्मीन हा कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. कधी तो नुसताच 'ई १२०' म्हणून येतो. दोन्ही शब्द साध्या, बारीक अक्षरांत. मेसेजच्या हिशेबाने हा डबा शुद्ध शाकाहारी ठरतो. गेलाटीने चघळण्याच्या गोळ्यांत असतं हे बहुतेकांना माहीत असतं, पण क्वार्क या चक्क्यासारख्या ताज्या चीजचे गोड पदार्थ, कमी चरबीचं दही, केकवरचं क्रीम इथे ते कोणी शोधत नाही. नमकीन वस्तूंत 'श्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी आणि 'श्पेक' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, हे दोन शब्दही असेच साध्या अक्षरांत बसलेले असतात.

चीजचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण तिथे शब्द छापलेलाच नसू शकतो. दूध फाडायला जे रेनेट वापरतात, त्याला जर्मनमध्ये 'लाब' म्हणतात. ते वासराच्या जठरातून काढलेलं असू शकतं किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं. पण जे चीज फक्त दूध, विरजण, एन्झाइम आणि मीठ यांचं असतं, त्याला त्याच नियमाने घटकांची यादी देण्यातून सूट आहे. म्हणजे पाकीट उलटसुलट करून पाहिलं तरी काही सापडेलच असं नाही. 'मिक्रोबिएलेस लाब' किंवा 'लाबआउस्टाउश्टॉफ' लिहिलं असेल तर निर्धास्त घ्यावं. नुसतं 'लाब' किंवा 'नाटूरलाब' असेल तर मी ते वासराचं धरते आणि जागेवर ठेवते. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो यांच्याबाबत तर शंकाच नको, या नावांच्या नियमातच वासराचं रेनेट ठरलेलं आहे.

म्हणून पेस्टोची बाटली सगळ्यात फसवी. तुळशीच्या जातीची हिरवी पानं, तेल, काजू, चीज: यात मांस कुठून येणार? मागच्या यादीत ठळक शब्द तीन सापडतील: काजू, दूध आणि 'आय', म्हणजे अंडं. अंडं पाहून आपण दचकतो. ते बहुधा ग्राना पादानोत टिकण्यासाठी घातलेल्या लायसोझाइमपुरतं असतं, जे अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढतात. वासराचं रेनेट मात्र त्या बाटलीवर न छापताही चालतं. तेव्हा पेस्टो घ्यायचा तर वेगन लिहिलेला घ्या, किंवा चीज कुठलं आहे ते आधी वाचा.

आता 'श्पूरन'. 'कान श्पूरन फॉन ... एन्टहाल्टन' याचा अर्थ, अमुक पदार्थाचा अंश असू शकतो. तो घटक नाही. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर आधी दुसरं काही बनलं असेल आणि त्याचा कण चुकून आला तर, म्हणून दिलेली ती सूचना. ती देणं ऐच्छिक आहे आणि कितीपासून पुढे द्यायची याची सर्वसाधारण मर्यादा कायद्यात ठरलेली नाही. शाकाहारी माणसाने या ओळीवरून बिस्किटाचा पुडा परत ठेवला तर त्याचा नियम तो जाणे, पण पुड्यात अंडं घातलेलं नाही. ज्याच्या घरात शेंगदाण्याची किंवा दुधाची खरी ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ही ओळ गंभीर आहे. आणि ती नसली म्हणून वस्तू सुरक्षित, असंही त्याला धरता येत नाही. 'वेगन' छापलेल्या चॉकलेटवर खाली दुधाच्या अंशाची सूचना असू शकते. वेगन म्हणजे दूध घातलेलं नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

पिवळा व्ही कामाचा आहे, मी तो शोधते. गेलाटीने आणि वासराचं रेनेट त्यात बसत नाही, त्यामुळे चीजच्या कपाटासमोर बराच वेळ वाचतो. पण भारतात अंडं घातलेल्या वस्तूला हिरवा ठिपका मिळत नाही, आणि इथे 'व्हेगेटारिश' या शब्दात अंडं बसतं. मांसाला पर्याय म्हणून मिळणाऱ्या श्नित्सेल-सॉसेजमध्ये कोंबडीच्या अंड्याचा पांढरा भाग बांधणीसाठी सर्रास असतो. काही नूडल्समध्येही अंडं असतं. अंडं चालत नसेल तर व्हीजवळ 'वेगन' आहे की 'व्हेगेटारिश' ते पाहा. आणि इथे ठळक अक्षरं खरंच कामाला येतात, कारण अंडं त्या १४ मध्ये आहे. 'आय', 'आयर', 'आयगेल्ब', 'ह्यूनरआयवाइस' शोधा. पोषणमूल्यांच्या तक्त्यातला 'आयवाइस' मात्र सोडून द्या, तिथे त्याचा अर्थ प्रोटीन. तो डाळीच्या पाकिटावरही असतो.

काही गोष्टी यादी वाचूनही कळत नाहीत. 'ई ४७१' हा तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक वनस्पतीच्या तेलापासून बनतो, तसा जनावराच्या चरबीपासूनही. सफरचंदाचा स्वच्छ पारदर्शक रस गाळताना गेलाटीने वापरलेलं असू शकतं. प्रक्रियेपुरतं वापरून काढून टाकल्यामुळे ते छापावं लागत नाही. गढूळ रस, ज्यावर 'नाटूरट्र्यूब' असतं, तो या दृष्टीने बरा. बाकी कंपनीला दोन ओळींचा मेल टाकून विचारावं.

आणि बेकरीच्या काउंटरवरचा सुटा माल: तिथे ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, पण संपूर्ण घटकांची यादी नाही. काही भागांत ब्रेत्सेल या वेटोळ्या पावाच्या पिठात डुकराची चरबी घालायची जुनी पद्धत आहे. तिथे "इस्ट दा श्माल्त्स द्रिन?" एवढंच विचारा.