गांडूळ खत आणि शिव्यांची यादी

*"सूचनांच्या पेटीवर लेखच्या लेख? शिव्यांची यादी करा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना \b लावा, काम संपलं. वर्षातून दोनदा कोणी शोधतं असे चार शब्द गाळले गेले तर कोणाचं काय अडतं? शेतीच्या दुकानाला एवढं पुरे." – एक वाचक, सिडको*

नमस्कार. आमच्या शेतीच्या दुकानाच्या शोधपेटीत लिहायला लागलं की खाली शोध सुचवले जातात, त्या सूचनांबद्दल हे आहे. अडतं कोणाचं, ते आधी सांगतो. दिंडोरीकडच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, "तुमच्याकडे गांडूळ खत बंद झालं का?" बंद कसलं, गोदामात थप्पी लागलेली होती. पण त्यांनी पेटीत 'गांडू' लिहिताच सूचना गायब व्हायच्या आणि पुढचा 'ळ' लिहिला तरी पेटी कोरीच राहायची. माल नाही असं समजून त्या थांबल्या. आमच्या यादीत ती शिवी होती आणि ती शब्दाच्या पोटात कुठेही सापडली की सूचना गाळली जायची. तो कोड मीच लिहिला होता. 'मुतखडा'सारख्या साध्या शब्दाचंही अशा गाळणीत हेच होतं.

मग मी तुम्ही सांगता तेच केलं, शब्दाची हद्द दाखवणारं \b लावलं. पायथनमध्ये हे चालवून बघा:

```python
import re
re.search(r"\bगांड\b", "गांडूळ खत")   # जुळतं!
```

पायथनचं नेहमीचं `re` काना, मात्रा, उकार यांना शब्दाचा भाग धरत नाही. त्यामुळे 'ड' आणि त्याचा उकार यांच्यामध्येच त्याला शब्दाची हद्द दिसते. इंग्रजीत बिनबोभाट चालणारा उपाय देवनागरीत असा फसतो, आणि चूक कुठेच लाल अक्षरांत दिसत नाही. अक्षराअक्षरानं तोडून पाहिलं तरी भागत नाही, कारण 'गांडू' हीसुद्धा शिवीच आहे आणि गां-डू-ळ मध्ये ती पूर्ण बसते.

शेवटी मोकळी जागा आणि विरामचिन्हं यांवर वाक्य तोडून अख्खा शब्द यादीशी ताडायचा, असं ठरवलं. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून यादीतल्या प्रत्येक शिवीची ला, चा, नो अशी रूपंही तयार करून ठेवली. 'ळ' हा प्रत्यय नाही, त्यामुळे गांडूळ सुटतं. 'गांडुळाचे' असा ऱ्हस्व उकार आला तरी तो अख्खा वेगळाच शब्द राहतो, तोही सुटतो. शिवीच्या मध्ये न दिसणारी चिन्हं घालून गाळणी चुकवणारे असतात. ती चिन्हं ताडताना काढतो, पण दाखवायच्या मजकुरातून नाही, कारण 'शेतकर्‍यांना' मधला अर्धा र लिहिताना बरेच लोक तेच चिन्ह वापरतात.

आता तुमचे "चार शब्द". आमचा नियम असा होता की पाच वेगवेगळ्या माणसांनी शोधलेलंच सुचवायचं. एकाच माणसानं चाळीसदा लिहिलं तरी ते एकच धरायचं. खोडसाळपणाला हा चांगला लगाम आहे. पण 'द्राक्ष मुळांवर सूत्रकृमी' हे हंगामात एखादाच शेतकरी लिहितो, आणि नेमकी त्यालाच सूचनेची गरज असते. 'सूत्रकृमी' ऱ्हस्व की दीर्घ, याच्यात तो अडकतो आणि हात रिकामे घेऊन जातो. म्हणून आता शोधातला प्रत्येक शब्द आमच्या मालाच्या नावांत किंवा माहितीच्या लेखांत असेल आणि त्या शोधाला निकाल मिळत असतील, तर एका माणसानं लिहिलेलंही सुचवतो. पाच जणांची अट फक्त अनोळखी शब्द असलेल्या शोधाला. 'गांड' एवढंच लिहिलं असताना गांडूळ खत सुचवायचं का, यावर आमच्यात वाद झाला. माझं मत पक्कं आहे: सुचवायचं. दाखवतो ती सूचना तपासायची, लिहिणाऱ्याचा अर्धा राहिलेला शब्द नाही.

या नियमालाही भोक आहे. कंपनीचं नाव आमच्या मालात आहे आणि 'बनावट' हा शब्द 'बनावट बियाणे कसे ओळखावे' या लेखात आहे. दोन्ही शब्द ओळखीचे, म्हणून एका माणसाच्या रागातून 'अमुक कंपनी बनावट' ही सूचना सगळ्यांना दिसली असती. शिवी एकही नाही, बदनामी मात्र पुरी. अशी जोडी आली की आम्ही ती सुचवत नाही. पण कोणी स्वतः पूर्ण लिहून शोधलं तर निकाल दाखवतोच. सूचना आम्ही बोलतो, शोध त्याचा तो करतो, आणि गाळणी फक्त आमच्या बोलण्याला आहे.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर नोंदींमध्ये एक गोष्ट बघा: लोकांनी शेवटपर्यंत हातानं लिहिलेले, भरपूर निकाल असलेले, पण सूचनेतून एकदाही न निवडलेले शोध. आमच्या त्या यादीत सगळ्यात वर 'गांडूळ खत' होतं.