दोघांनी मिळून एक पोस्ट लिहायची असेल तर

दोघांनी मिळून पोस्ट लिहायचं ठरलंय ना, मग पहिलं पथ्य, आधी काही ठरवू नका. कुठला भाग कुणाचा, किती शब्द, असले प्रश्न विचारणं म्हणजे मैत्रीवर संशय घेणं. सोलापूरच्या पार्क चौकात चहा घ्यायचा, "तू गड्ड्याच्या जत्रेचं लिही, मी नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं" म्हणायचं आणि उठायचं. आम्ही सिद्धेश्वर यात्रेवर असंच लिहिलं, मी आणि एक मैत्रीण. झालं काय, तर सुरुवात दोघांनीही लिहिली, त्यामुळे ६८ शिवलिंगं वाचकाला दोनदा भेटली, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरात, आणि होम मैदानावर गाडी कुठं लावायची हे कुणीच लिहिलं नाही कारण ते दुसऱ्याच्या भागात येईल असं दोघांनाही वाटलं.

मग जोडणी. दोन्ही तुकडे एकाखाली एक चिकटवा, झालं. आमच्यात 'मी' सकाळी संमती कट्ट्याजवळ बाराबंदीतली मंडळी बघत उभा होतो आणि पुढच्याच परिच्छेदात 'मी' पाळण्यात बसले. मावशीचा फोन आला, "काय बे, लिहिणारा कोण आणि बसलेली कोण?" मराठीत हीच पंचाईत, क्रियापद लगेच चुगली करतं.

यावर घाईचा उपाय 'आम्ही'. 'आम्ही गेलो' म्हटलं की बाई-पुरुष प्रश्नच मिटतो. फक्त मग 'आम्ही पाळण्यात बसलो आणि आम्हाला चक्कर आली' असं होतं, मी तेव्हा घरी भाकरी-शेंगाचटणी हाणत होतो तरी. काही अरसिक लोक म्हणे एकालाच 'मी' ठेवतात, दुसऱ्याचं त्याच्या नावानं सांगतात, आणि शेवटी एकानं सगळं मोठ्यानं वाचून जोड घासून काढायचे असतात. आपण कशाला एवढं करायचं.

दुरुस्ती करताना गूगल डॉक्समध्ये सजेशन मोड अजिबात लावू नका, थेट खोडा. समोरच्याला आपली तीन वाक्यं कुठं गेली ते व्हर्जन हिस्टरीत शोधू दे, तेवढंच त्याचं टायपिंग सुधारतं. मी तिचं "भारीच ना" काढून "अत्यंत नयनरम्य" केलं, तिनं रात्री ते परत "भारीच ना" केलं, सकाळी मी पुन्हा. बोलून मिटलं असतं, पण बोलायला वेळ कुणाला होता, सगळा वेळ खोडण्यात गेला.

क्रेडिट मात्र सगळ्यात शेवटी, पोस्ट गेल्यावर काढायचा विषय. वर्डप्रेसमध्ये लेखकाच्या जागी मुळात एकच नाव बसतं आणि ज्याच्या लॉगिननं पोस्ट तयार झाली त्याचंच आपोआप येतं. लॉगिन माझं होतं, हा निव्वळ योगायोग. दोघांची नावं दाखवायला वेगळं प्लगिन लागतं, किंवा साधं वर एक ओळ टाकता येते, 'नंदीध्वज: हा, गड्डा: ती', दोन मिनिटांचं काम. मी तळाला 'विशेष आभार' लिहिलं, तेही तिच्या नावात वेलांटी चुकवून.

तिनं रात्री व्हॉट्सअपवर एकच ओळ पाठवली, "पुढच्या वर्षी पाळण्यात तूच बस."