तीन हिरवे आणि एक अंगठा

जुनं नाणं हाती आलं की माणसाचा अंगठा आपोआप कामाला लागतो. डोकं अजून "कोणत्या सालचं असेल?" या विचारात असतं, तोवर अंगठ्याने राजाच्या गालावरून दोन हात फिरवलेले असतात. घामात मीठ असतं, मीठ तांब्यात मुरतं आणि दोनेक महिन्यांनी राजाच्या गालावर त्या अंगठ्याचा ठसा तपकिरी रंगात उमटतो. तो पुन्हा निघत नाही. म्हणून मी पहिली सूचना अंगठ्याला देतो: नाणं कडेने धर, दोन बोटांत, आणि खाली जाड मऊ कापड अंथर. नाणं पडतं ते नेमकं फरशीवरच.

दुसरी सूचना घरातल्या हितचिंतकांना. "अरे, लिंबू-मीठ लाव, बघ कसं लख्ख निघतं!" निघतं, यात शंका नाही. अडचण लख्ख निघण्यातच आहे. तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर बाहेरून येऊन बसलेला मळ नसतो. हवेशी संयोग होऊन नाण्याच्याच तांब्याचा तो झालेला असतो आणि अक्षरांच्या बारीक कडा त्याच थरात टिकून असतात. लिंबाचं आम्ल तो थर विरघळवतं, मीठ त्याला हातभार लावतं, आणि खालून निघतं गुलाबी, उघडंवाघडं, नुकतं सोललेलं तांबं. असं नाणं जाणकार हातभर अंतरावरूनही ओळखतो. नाण्यांना १ ते ७० असा दर्जा देणाऱ्या संस्था अशा नाण्याला सहसा आकडाच देत नाहीत, 'साफ केलेलं' एवढा शेरा मारतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हे याच घराण्यातले. त्यांच्या कणांनी पडलेले बारीक ओरखडे समोरून दिसत नाहीत. एकाच दिव्याखाली नाणं सावकाश कललं की मात्र सगळे एका दिशेने चमकून उठतात.

आता समोर एक तांब्याचं नाणं आहे असं धरू. वर्षानुवर्षं मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पडलेलं. रंग चॉकलेटी, अक्षरांच्या खाचांत माती, आणि तीन ठिकाणी हिरवं. नवशिका तिन्ही हिरव्यांना एकाच नावाने हाक मारतो आणि तिन्हींवर एकच उपाय करतो. तिथेच घात होतो.

दहापट भिंग लावायचं आणि लाकडी टूथपिकचं टोक प्रत्येक हिरव्याला अलगद टेकवायचं. पहिला हिरवा टोकाला चिकटतो, ओढला तर गोंदासारखी तार धरतो. हा पाकिटातून पाझरलेला पीव्हीसीचा चिकटा. दुसरा काठाजवळ आहे, गडद, गुळगुळीत आणि टणक. टोक त्यावरून घसरतं. हा जुना, स्थिरावलेला थर. तो नाण्याच्या वयाचा पुरावा आहे आणि त्याला हात लावायचं काहीच कारण नाही. तिसरा ठिपका फिकट, जवळजवळ पांढुरका हिरवा. टोक लागताच त्याची पूड होते आणि खाली बारीक खड्डा दिसतो. याला 'ब्राँझ डिसीझ' म्हणतात आणि हे नाव अजिबात अतिशयोक्त नाही. तांब्यात अडकलेलं क्लोराईड हवेतल्या ओलाव्याने जागं होतं, त्यातून आम्ल तयार होतं, ते नवं तांबं खातं, त्याचं पुन्हा क्लोराईड होतं. चक्र सुरूच.

मातीपासून सुरुवात करू. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर, नाणं बुडेल एवढं, आणि चोवीस तास वाट. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोराईड म्हणजे तिसऱ्या ठिपक्याला खुराक. चोवीस तासांत पाणी गढूळ झालं तर बदलायचं आणि पुन्हा एक दिवस. माती स्वतः सैल पडते. उरलीसुरली भिजलेल्या टूथपिकने, नाणं पाण्यातच ठेवून, खाचेच्या दिशेने हलवायची. न हलली तर राहू द्यायची. "थोडंसंच राहिलंय" हे वाक्य मनात उमटलं की मी टूथपिक खाली ठेवतो. आजवर जेवढी नाणी बिघडली त्यातली बहुतेक याच वाक्यानंतर बिघडली असावीत.

चिकट्याला ॲसिटोन. शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, कारण त्यात रंग, सुगंध आणि तेल असतं. ॲसिटोन तांब्या-चांदीच्या वाटेला जात नाही, फक्त तेल, गोंद आणि प्लॅस्टिकचा चिकटा विरघळवतं. खिडकी उघडी हवी आणि आसपास ज्योत नको, कारण त्याची वाफ पटकन पेट घेते. भांडं काचेचंच. काही प्लॅस्टिकचे पेले त्यात विरघळतात, म्हणजे नाण्यावरचं प्लॅस्टिक काढता काढता पेल्याचं चढवून ठेवायचं. पहिल्या वाटीत पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग लगेच दुसऱ्या वाटीत, ताज्या ॲसिटोनमध्ये, दोन मिनिटं. ही दुसरी वाटी बरेच जण वाचवतात. पहिल्या वाटीत विरघळलेला चिकटा मग नाण्यावरच वाळतो आणि सबंध नाण्यावर पातळ पापुद्रा बसतो. बाहेर काढल्यावर मऊ कापडावर ठेवून टिपायचं. पुसायचं नाही. टिपणं आणि पुसणं यांतलं अंतर ज्याला कळलं त्याच्या हाती मी माझी नाणी देईन.

राहिला पांढुरका ठिपका. टूथपिकने पूड भिंगाखाली उचलायची आणि मग परीक्षा: झाकणाच्या डबीत नाणं, शेजारी ओला कापूस, पण नाण्याला न टेकवता. एक दिवस. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पूड दिसली तर रोग जिवंत आहे. अशा नाण्याने घरी रसायनांचे प्रयोग सहन करावेत असं मला वाटत नाही. ते काम धातू-संवर्धकाचं. तोवर हवाबंद डबीत सिलिका जेलबरोबर ठेवायचं. आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिली तर चक्र जवळपास थांबतं. जेलचे दाणे भिजले की तापवून कोरडे करायचे, एवढीच चाकरी.

चांदीचं दुखणं निराळं, पण हितचिंतक तेच. यावेळी त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी असतं. काळा थर म्हणजे सल्फाइड, ते या पाण्यात पुन्हा चांदी होतं आणि कागद काळवंडतो. पाहायला जादू आहे. पण चांदीच्या नक्षीदार डबीवर कारागिराने खाचांत मुद्दाम काळं भरलेलं असतं, म्हणून तर वेल उठून दिसते. जादूला हे मुद्दामचं काळं आणि आपोआप चढलेलं काळं यांत फरक कळत नाही. पाच मिनिटांत वेल दिसेनाशी होते आणि हातात उरतो निस्तेज पांढरट डबा. अशा डबीलाही ॲसिटोन, टिपणं आणि पुरे. वरच्या उंच भागांवरचं काळं फारच खुपत असेल तर तेवढ्यावर मऊ कोरडं कापड एकदा, खाचांना न शिवता. चांदीच्या नाण्यावर मात्र तेही नाही.

तीन दिवसांनी तांब्याचं नाणं नव्या, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात जातं. चॉकलेटी रंग जागच्या जागी, गडद हिरवा काठाला, आणि अक्षरं आता वाचता येतात. घरातलं कोणीतरी ते हातात घेतं, उलटसुलट करतं आणि विचारतं, "मग साफ कधी करणार?"

तेवढ्यात अंगठा गालावर.