खिडकी वजा, कोनाडा वजा, मिस्त्रीही वजा

बाथरूमच्या डॅडोला किती टाइल लागतील हे मिस्त्रीला विचारून आपलं शिक्षण वाया घालवू नका. टेप घ्या, कागद घ्या आणि भिंतीत जिथे भोक दिसेल तिथे बेधडक वजाबाकी करा.

समजा बाथरूम 8 बाय 5 फुटांचं आहे आणि डॅडो 7 फूट उंच. चारही भिंती मिळून 26 फूट, गुणिले 7, म्हणजे 182 चौरस फूट. दरवाजा अडीच बाय 7, त्याचे साडेसतरा गेले. इथे चुकायला वाव नाही, त्यामुळे मजाही नाही.

मजा खिडकीपाशी. खिडकी 2 बाय 2 आहे ना? मग 4 काढून टाका. मिस्त्री कुरकुरेल की तिची खालची कड 6 फुटांवर आहे, डॅडोत ती फूटभरच येते, तेव्हा वजा फक्त 2 होतात. दुर्लक्ष करा. मग तो विचारेल, "साहेब, खिडकीच्या बगला कोण भरणार?" आतल्या बाजूने भिंतीची 6 इंच जाडी उघडी असते. तळाचे 2 फूट आणि दोन बगलांचे एकेक, अशी 4 फूट लांब, अर्धा फूट रुंद पट्टी. तिचेही 2 चौरस फूट, म्हणजे जेवढं काढलं तेवढं परत आलं. (तळाला ग्रॅनाइट बसवणार असाल तर एक फूट सुटतो. पण तुम्हाला कुठे मोजायचंय!)

शाम्पूच्या बाटल्यांचा कोनाडा 1 बाय दीड फूट. त्याचेही दीड वजा करा, कारण भोक ते भोक. आता त्या भोकाला पाठ असते, तीही तेवढीच दीडची, नुसती 4 इंच मागे सरकलेली. शिवाय आतून चारही कडा, 5 फूट लांब आणि 4 इंच रुंद, म्हणजे आणखी 1.67. कोनाड्याने भिंत कमी केली नाही, वाढवली. असल्या बारकाव्यांत शहाण्या माणसाने शिरू नये.

तुमचा आकडा आला 159. टाइल 1 बाय 2 ची, म्हणजे 80 नग. मिस्त्रीचा आला 166. त्यावर कटिंगचे आणि फुटीचे 10 टक्के धरून 183, म्हणजे 92 नग. काहीच वजा केलं नसतं तरी जवळपास हेच आलं असतं. याच बाथरूमपुरता योगायोग आहे तो, खिडकी मोठी असती तर जमला नसता. तरी मिस्त्रीला चिडवायला पुरेसा आहे.

80 टाइल संपतील तेव्हा एक भिंत अर्धी उघडी असेल. दुकानातून तीच टाइल, तोच नंबर आणा. पेटीवरचा बॅच नंबर आणि शेड मात्र पाहू नका. नवी टाइल किंचित पिवळट निघेल आणि मिस्त्री ती कोनाड्याच्या पाठीला लावेल, बरोबर तुमच्या नाकासमोर.