एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: मेसेज रात्री 9:50 लाच निघाला होता

"बल्क कूलरमधलं 600 लिटर दूध नासलं. कंपनीचा मेसेज सकाळी पाच वाजता आला, तेव्हा काय उपयोग? बाकी ईमेल मात्र रोज ढिगाने पाठवतात. पैसे वाया गेले."

दादा, टँकरवाल्याने सीओबी, म्हणजे दूध उकळून बघायची चाचणी, लावून दूध परत केलं, ते ऐकून आम्हालाही वाईट वाटलं. मनापासून माफी मागतो. नुकसान तुमचं झालंय, त्यावर वाद नाही. पण "मेसेज सकाळी पाठवला" हे चार लोक वाचणार आणि कूलरवर लक्ष ठेवणारं यंत्र बसवणारं आमचं छोटं दुकान त्यावरच चालतं, म्हणून एवढं स्पष्ट करायलाच हवं.

त्या रात्री तुमच्याकडची लाईट गेली नव्हती. एक फेज गेला होता. घरातले दिवे, पंखे चालू, त्यामुळे कुणाला शंका आली नाही, पण फेज गेला की मोटर वाचवायला ती बंद करणाऱ्या प्रिव्हेंटरने 9:35 ला कॉम्प्रेसर बंद केला. तेव्हा संध्याकाळचं दूध 26 अंशांवरून जेमतेम 17 वर आलं होतं. 4 वर यायचं होतं, तिथेच अडकलं. थंड झालेलं दूध टाकीत बराच वेळ टिकतं, कोमट टिकत नाही. म्हणून आमचं यंत्र "कॉम्प्रेसर बंद आणि दूध 10 च्या वर" असं पंधरा मिनिटं दिसलं की एसएमएस सोडतं. तो 9:50 ला सुटला. मोबाईल कंपनीकडून आलेली पोच ही:

```
submit date:2506142150 done date:2506150512 stat:DELIVRD err:000
```

पहिला आकडा पाठवल्याचा, 14 जून रात्री 9:50. दुसरा पोचल्याचा, 15 जून पहाटे 5:12. मधले सात तास बावीस मिनिटं तुमचा फोन बंद होता किंवा रेंजमध्ये नव्हता, आणि मेसेज मोबाईल कंपनीकडे अडकून पडला होता. फोन लागला की तो येतो, आणि बऱ्याच फोनवर येण्याचीच वेळ दिसते. मेसेजवर बोट दाबून धरून माहिती उघडा, पाठवल्याची वेळ बऱ्याच फोनवर वेगळी दिसते.

पोच आली नाही म्हणून 9:55 ला यंत्राने तुमच्या दुसऱ्या नंबरवर पाठवला. तो नंबर त्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमचा निघाला. बसवताना आमच्या पोराने विचारलं होतं, "दुसरा नंबर दुसऱ्या माणसाचा द्या." रागावू नका, पण फॉर्मवर सही तुमचीच आहे.

ईमेलचंही सांगतो. आधी सगळंच एसएमएसने यायचं: कॉम्प्रेसर किती तास चालला, टाकी धुवायची आठवण, रोजचा लिटरचा हिशेब. गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, "दिवसभर फोन किणकिणतो, मी आवाजच बंद करून ठेवतो." तेव्हाच हे सगळं ईमेलवर टाकलं, म्हणजे एसएमएस वाजला की काम अडलंय हे कळावं. रोजचा तो ढीग तुमच्याच कानांसाठी आहे.

आता आमची चूक, तीही लपवत नाही. दोन्ही एसएमएसची पोच नाही म्हटल्यावर यंत्राने शेवटचा उपाय म्हणून तीच सूचना ईमेलने पाठवली. तुमच्या ईमेल सेवेच्या सर्व्हरने 250 असं उत्तर दिलं, आणि आमच्या स्क्रीनवर हिरवी खूण पडली. 250 म्हणजे सर्व्हरने ईमेल घेतला, एवढंच. तो स्पॅममध्ये गेला की कुणी उघडला, ते त्यात येत नाही. पण हिरवी खूण दिसली म्हणून रात्री आमच्याकडून तुम्हाला कुणी फोन केला नाही. खरं म्हणजे एसएमएसची पोचही फोनपर्यंतच असते, माणसाने वाचल्याची नसते. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, आणि माझ्या मते खरी चूक तीच आहे.

यापुढे तातडीच्या सूचनेत ईमेलची हिरवी खूण धरणार नाही. एसएमएसची पोच दहा मिनिटांत नाही आली तर आपोआप फोन लागेल, उचलून 1 दाबला तरच "कळलं" अशी नोंद होईल. ते काम सुरू आहे, लवकरच होईल. मेसेजमध्ये बिघाडाची वेळ टाकायचीही आहे, पण मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या एसएमएसची नोंदणी होते त्या यंत्रणेवर, नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर नमुन्याला एका शब्दाचाही फरक पडला तर मोबाईल कंपनी मेसेज वाटेतच अडवते. मराठीत एका मेसेजमध्ये काना-मात्रा धरून 70 च अक्षरं बसतात, तेव्हा वेळ बसवायला काहीतरी कापावंही लागेल.

या आठवड्यात मी स्वतः येतो, पैशाचंही समोरासमोर बोलू. तोवर वहिनींचा नंबर तयार ठेवा. फक्त तो त्यांच्याच फोनमधला असू द्या.