यमूच्या केशवपनाला सनावळी किती लागते?

‘जुन्या कादंबरीवर निबंध लिहायचा तर पहिली दोन पानं त्या काळाला द्या. सन, कायदे, सुधारक जितके जास्त, तितका निबंध खोल. कादंबरी हा काळाचा आरसाच असतो; इतिहास कळला की कादंबरी कळली.’

निबंध लिहिणाऱ्यांना नेहमी मिळणाऱ्या या सल्ल्यातलं प्रत्येक वाक्य एका ठरावीक कादंबरीवर तपासून पाहू. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ बहुतेकांनी वाचलेली किंवा निदान ऐकलेली असते, आणि तिच्यावरचे निबंध हमखास सनावळीत बुडतात. पुण्याच्या ब्राह्मण घरातली यमू स्वतःची कहाणी सांगते: बालपण, लग्न, नवऱ्याकडून मिळालेलं शिक्षण, मुंबईचं बिऱ्हाड, नवऱ्याचा, म्हणजे रघुनाथरावांचा, मृत्यू आणि शेवटी जबरदस्तीनं झालेलं केशवपन. निबंध या शेवटावर लिहायचा आहे असं धरू.

पहिल्या दोन पानांचं आधी. ती लिहिताना आपला प्रश्नच ठरलेला नसतो, म्हणून निवड करता येत नाही आणि जे सापडेल ते आत येतं: १८५६चा पुनर्विवाहाचा कायदा, १८८४ साली सुधारक मलबारींनी बालविवाहावर काढलेली टिपणं, बालपणी लागलेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला, विधवांसाठी निघालेलं १८८९चं शारदा सदन, १८९१चा संमतिवयाचा कायदा. ही यादी त्या काळातल्या कोणत्याही सामाजिक कादंबरीच्या निबंधाला जशीच्या तशी चिकटवता येते, आणि तिचा दोष ओळखायची सोपी खूण हीच आहे. वाचक यमूपर्यंत पोचतो तेव्हा यातलं काय लक्षात ठेवायचं होतं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

क्रम उलटा हवा. कादंबरी आधी पार्श्वभूमीशिवाय वाचा आणि पेन्सिलनं दोन प्रकारच्या जागा खुणवा. एक, पुस्तकातल्या माणसांना जे सहज वाटतं पण आपल्याला अडखळवतं. दोन, त्यांना जे भयंकर वाटतं पण आपल्याला साधं वाटतं. नवरा-बायकोनं सगळ्यांदेखत एकमेकांशी बोलणं, एकत्र बाहेर पडणं, अशा गोष्टी. मग त्यातली एकच जागा घेऊन एका वाक्यात प्रश्न लिहा. आपल्या निबंधाचा प्रश्न असा होईल: यमू नको म्हणते, तरी तिच्या नकाराला घरात काडीची किंमत का नाही? आता ग्रंथालयात जायचं, ते फक्त या प्रश्नासाठी.

‘जितके जास्त तितका खोल’ हे म्हणणं इथेच कोसळतं. सापडलेल्या प्रत्येक माहितीला एक कसोटी लावा: ती खोडली तर कादंबरीतल्या एखाद्या प्रसंगाचं माझं वाचन बदलतं का? १८५६चा कायदा या कसोटीला उतरतो, पण अर्धाच. त्यानं हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध केला. केशवपनाबद्दल त्यात अक्षर नाही. याच कायद्याप्रमाणे पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्कही जातो. एवढं कळल्यावर शेवट वेगळा दिसतो. वस्तरा आणण्याचा निर्णय होतो तो माजघरात, वडीलधाऱ्यांच्या अधिकारात, आणि सरकारी सुधारणा तिथपर्यंत पोचलेलीच नाही. मुंबईचं बिऱ्हाड मोडणं ही नुसती जागा बदलणं नव्हे, हेही मग दिसतं: त्या बिऱ्हाडात यमूच्या ‘नको’ला ऐकणारा माणूस होता, पुण्यातल्या घरात सासरचे वडीलधारे शंकरमामंजी आहेत.

संमतिवयाचा कायदा मात्र इथून काढून टाकावा. त्यानं मुलीच्या शरीरसंबंधाचं वय दहावरून बारावर नेलं. केशवपनाशी त्याचा संबंध नाही. विषय बदलला तर तोच तपशील मोलाचा ठरेल. ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती तेव्हाच, १८९१च्या सुरुवातीला, त्या विधेयकावर महाराष्ट्रात रण माजलं होतं. ‘पहिल्या वाचकांनी यमूचं बालपण कसं वाचलं असेल?’ या प्रश्नाला तो सन लागतोच.

अनेक निबंधांत या कायद्यानं बालविवाह बंद झाल्याचं लिहिलेलं असतं. तसं झालं नाही. लग्नाच्या वयाला हात घालणारा शारदा कायदा १९२९चा, म्हणजे कादंबरीनंतर जवळजवळ चार दशकांनी आलेला.

आरशाचं म्हणणं सर्वांत घातक, कारण त्यातून चक्राकार युक्तिवाद तयार होतो. निबंधात एकीकडे येतं, ‘त्या काळी स्त्रियांचं केशवपन होत असे, हे कादंबरीतून दिसतं’. पुढच्याच पानावर येतं, ‘कादंबरी वास्तववादी आहे, कारण त्या काळी तसंच होत असे’. दोन्ही वाक्यं एकमेकींच्या खांद्यावर उभी, जमिनीवर कुणीच नाही. त्यातलं ‘स्त्रियांचं’ हेही चूक. सक्तीचं केशवपन मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं वळण गिरवणाऱ्या घरांतलं. कितीतरी जातींत पाट किंवा म्होतूर लावून विधवेचं पुन्हा लग्न होत होतं. हा तपशील एका अर्ध्या वाक्याचा आहे, पण तो आला की ‘भारतीय स्त्रीची व्यथा’ असा पसरट निष्कर्ष टिकत नाही. निबंध एका घरापुरता, एका जातीच्या प्रतिष्ठेपुरता होतो आणि म्हणूनच धारदार होतो.

आरसा मानल्यानं आणखी एक घोटाळा होतो: तीन काळ एकात मिसळतात. कथा घडते तो काळ, ती लिहिली गेली तो काळ आणि आपण वाचतो तो काळ. यमू मागं वळून सांगते, त्यामुळे तिचं बालपण प्रकाशनाच्या बरंच आधी येतं. पुण्यात मुलींचं हायस्कूल, हुजूरपागा, १८८४ साली निघालं. ‘शाळा गावात असूनही यमूला पाठवलं नाही’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण तिच्या शिकण्याच्या वयात ती शाळा होती का, हे आधी पुस्तकातल्या खुणांवरून ठरवायला हवं. ते ठरत नसेल तर हा तपशील सोडून द्यावा, कितीही आवडला तरी.

जागेचं प्रमाणही सांगायला हवं. हजार शब्दांच्या निबंधात दीडशेच्या आसपास शब्द पार्श्वभूमीचे पुरतात, तेही तीन-चार ठिकाणी विखुरलेले. माहिती जिथं प्रश्न पडतो तिथंच, आणि पुढचं वाक्य लगेच कादंबरीत परत. उदाहरणार्थ: ‘पुनर्विवाह १८५६पासून वैध होता, पण केशवपन रोखणारं त्या कायद्यात काही नव्हतं, म्हणून यमूच्या नकाराला घराबाहेर दाद मागायला जागा नाही, आणि घरात तो ऐकणारा एकटा माणूस गेलेला आहे.’ एका वाक्यात एकच सन आहे आणि तो यमूच्या बाजूला उभा आहे.

कच्चा खर्डा झाला की पार्श्वभूमीची सगळी वाक्यं लाल पेन्सिलनं अधोरेखित करा. सलग तीन लाल वाक्यांत कादंबरीतलं एकही माणूस येत नसेल, तर तिथं निबंध कादंबरी सोडून गेला आहे. पहिला परिच्छेद पूर्ण लाल असेल तर तो खोडून दुसऱ्यापासून वाचून पाहा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही. जिथं अडतं, तेवढंच वाक्य उचलून त्या जागी ठेवा.