बोक्याचा राग नव्हे, दुखणं

“घरातल्या मांजराला कसला आलाय कंटाळा? दिवसाचे सोळा तास तर झोपतं. गादीवर मुतलं म्हणजे राग काढला, तिथेच नाक घासा, पुन्हा करणार नाही. दोन वेळा खायला घातलं की बास.”

सोळा तासांचं खरं आहे, निरोगी मांजरही तेवढं झोपतं. प्रश्न उरलेल्या आठांचा आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघणारी ही जात. आमचा बोका सांगलीच्या गावभागात कौलांवर वाढला. २०१९च्या पुरानंतर आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आलो आणि त्याचं फिरणंच संपलं. तो तासन्‌तास पोट चाटायचा, आम्ही म्हणायचो, किती स्वच्छ आहे बघा! दोन महिन्यांत पोट आणि मांड्यांची आतली बाजू उघडी पडली. हात फिरवला तर बारीक खुंट लागायचे, म्हणजे केस गळत नव्हते, चाटून तुटत होते. पिसवांनी किंवा ॲलर्जीनेही असं होतं, म्हणून डॉक्टरांनी आधी ते तपासलं.

गादीचं मात्र साफ चुकीचं आहे. मांजर सूड उगवत नाही. ताणामुळे जंतू नसतानाही मूत्राशयाला सूज येऊ शकते. शी-शूच्या ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं की मांजर ट्रेलाच घाबरतं आणि मऊ जागा शोधतं. आमच्या गादीवरचे डाग गुलाबीसर होते, थोडेथोडे, चार ठिकाणी. राग काढणाऱ्याला रक्त कशाला पडेल? नाक घासलं तर ताण आणखी वाढतो, आणि पुढच्या वेळी ते पलंगाखाली जाऊन करतं. बोका पुन्हापुन्हा बसून जोर लावतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

राहिलं दोन वेळच्या खाण्याचं. डॉक्टरांनी दुखण्यावर औषध दिलं, बाकी काम घरातच होतं. तेवढंच खाणं आम्ही पाच-सहा वाट्यांत विभागलं आणि त्यातलं थोडं अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये कागदाखाली लपवायला लागलो. जाळी लावलेल्या खिडकीशी उंच स्टूल ठेवलं. संध्याकाळी दहा मिनिटं दोरीला बांधलेलं पीस पळवायचं, शेवटी त्याला पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. लेझरचा ठिपका नको, त्यात हाती काहीच लागत नाही, मांजर चिडतं. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी होता. मशीन फिरू लागलं की हा अर्ध्यातून उठून पळायचा, आणि हे आमच्या लक्षात यायला महिना गेला! आता दोन ट्रे आहेत, दोन वेगळ्या शांत कोपऱ्यांत. एका मांजरालाही दोन लागतात.

हे सगळं आम्ही एकाच दिवशी बदललं नाही, नाहीतर त्याचाच ताण आला असता. केस भरायला तीनेक महिने लागले. गेल्या दिवाळीआधी घराला रंग काढला तेव्हा गादीवर पुन्हा गुलाबी डाग दिसला, मग रंगारी जाईपर्यंत त्याला ट्रे, पाणी आणि स्टुलासकट मागच्या खोलीत ठेवलं.